स्वस्ताईत जमीन का गेली?

(किनवट तालुक्यातल्या कार्यकर्ता शिबिरात झालेलं बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. गावच्या बैठकीत कुणीतरी मोठ्यानं वाचावं.)



जमिनीचे जुने कागद शोधत आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा म्हातारी माणसं दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे, "आमच्या आज्याच्या काळात लई स्वस्ताई होती, रुपयाला ढीगभर जवारी यायची." दुसरी म्हणजे, "आमची नदीकाठची काळी जमीन त्याच काळात गेली, सावकारानं नेली." दोन्ही खऱ्या आहेत. पण एकाजवळ एक ठेवल्या की कोडं पडतं. सगळं स्वस्त होतं, तर माणूस सुखात असायला पाहिजे होता. मग जमीन का गेली?

मागच्या बैठकीत एका पोरीनं हाच सवाल विचारला आणि आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज त्याच्यावर बोलायचं ठरवलं. त्या स्वस्ताईचं पुस्तकातलं नाव 'जागतिक महामंदी'. तिचा काळ १९२९ पासून पुढची दहाएक वर्षं. ती आपल्या डोंगरात सुरू झाली नाही, सात समुद्रापलीकडं अमेरिकेत सुरू झाली. तिथली आग इथल्या पऱ्हाटीला कशी लागली, ते एकेक पायरी उतरत बघू.

आग कुठं लागली

१९१४ ते १९१८ युरोपात मोठी लढाई झाली. तिथले शेतकरी बंदूक घेऊन खंदकात गेले आणि शेतं पडीक राहिली. धान्याला भाव आला. अमेरिकेच्या शेतकऱ्यानं तो भाव बघून गवताळ रानं मोडली, बँकेचं कर्ज काढून जमीन घेतली, ट्रॅक्टर घेतला. लढाई संपली, युरोपचा शेतकरी घरी परतला आणि पुन्हा पेरायला लागला. धान्य जास्त झालं, भाव उतरला. पण अमेरिकेतल्या शेतकऱ्यानं चढ्या भावात काढलेलं कर्ज होतं तेवढंच राहिलं. म्हणजे मंदीचं नाव निघायच्या आधीपासूनच तिथला शेतकरी कर्जात होता.

शहरात वेगळं चाललं होतं. कारखान्यांत नवी यंत्रं आली, माल धो-धो निघायला लागला. पण मजुराची मजुरी मालाच्या मानानं वाढली नाही. मग माल घेणार कोण? त्यावर हप्त्याची तोड काढली, आज मोटार न्या, पैसे महिन्या-महिन्याला द्या. शिवाय पैसेवाल्यांनी कंपन्यांचे शेअर घ्यायला सुरुवात केली. शेअर म्हणजे कंपनीतला वाटा, त्याचा कागद. कागदाचा भाव रोज चढायचा, म्हणून लोक उसने पैसे काढून कागद घ्यायचे. शंभराचा कागद घ्यायला खिशातले दहा-वीस आणि बाकी कर्जाचे.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कागदाचा भाव कोसळला. ज्यांनी उसन्या पैशावर कागद घेतले होते त्यांच्याकडं कर्ज देणारे धावले. कर्ज फेडायला प्रत्येकजण कागद विकायला लागला, म्हणून भाव आणखी पडला. बँकांचे पैसे बुडाले. बँक बुडते म्हणताच लोक आपली ठेव काढायला रांग लावायचे, आणि त्या रांगेनं चांगली बँकही बुडायची. चार वर्षांत अमेरिकेतल्या हजारो बँका बंद पडल्या. बँक नाही म्हणून कारखान्याला उसनवारी नाही, म्हणून कारखाना बंद, म्हणून मजूर घरी. मजुराच्या हातात पैसा नाही म्हणून दुसऱ्या कारखान्याचा माल पडून. १९३३ साली अमेरिकेत काम करणाऱ्या दर चार माणसांत एकाला काम नव्हतं.

आग पसरली कशी

जर्मनी तेव्हा अमेरिकेच्या कर्जावर उभी होती. अमेरिकेच्या बँकांनी तो पैसा मागं ओढला. १९३१ मध्ये ऑस्ट्रियाची सगळ्यांत मोठी बँक कोसळली, पाठोपाठ जर्मनीच्या बँका. १९३२ सालच्या सुरुवातीला जर्मनीत साठ लाखांच्या आसपास माणसं बेकार होती. त्या रागावर आणि भुकेवर हिटलर मोठा झाला, १९३३ मध्ये तो गादीवर बसला.

प्रत्येक देशाला वाटलं, बाहेरचा माल अडवला तर आपला कारखाना वाचेल. अमेरिकेनं १९३० मध्ये परदेशी मालावर भारी जकात बसवली. बाकीच्यांनीही मग तेच केलं. प्रत्येकानं आपलं दार लावून घेतलं आणि जगाचा व्यापारच आटला. याचा फटका आपल्या कापसालाही बसला. हिंदुस्थानच्या इंग्रज सरकारनं १९३३ मध्ये जपानी कापडावरची जकात शेकडा ७५ पर्यंत नेली. जपानच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसाच्या मोठ्या गिऱ्हाईक होत्या. त्यांनी इथला कापूस घेणं बंद केलं. १९३४ च्या सुरुवातीला समझोता झाला तेव्हा खरेदी पुन्हा सुरू झाली. भांडण कापडाचं, कापड विकणाऱ्या दोघांचं, आणि पडून राहिला तो शेतकऱ्याचा कापूस.

तारेवरून आलेला भाव

तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड, लातूर त्यातच. किनवट तालुका तर नांदेड जिल्ह्यातही नव्हता, तो आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ ला राज्यं नव्यानं पाडली तेव्हा तो इकडं आला. निजामाचं नाणंही वेगळं होतं, हाली सिक्का. इंग्रजांचे ६ रुपये म्हणजे हालीचे साधारण ७.

नाणं वेगळं, राजा वेगळा, तरी भाव मात्र मुंबईचा. नांदेडला मनमाड-हैदराबादची रेल्वे १९०० च्या सुमारास आली. लातूरला बार्शीची छोटी गाडी १९११ ला पोचली. त्या गाड्यांनी इथला कापूस मुंबईला नेला आणि मुंबईहून तो जपानला, विलायतेला गेला. रुळाच्या बाजूनं तारेचे खांब होते. मुंबईचा भाव त्या तारेवरून त्याच दिवशी अडत्याला कळायचा. शेतकऱ्याला मात्र गाडी बाजारात सोडल्यावर कळायचा.

अमेरिकेत १९२९ ला कापसाला पाऊंडामागं १७ सेंटांच्या आसपास भाव होता, १९३१ ला ६ सेंटांच्या आसपास आला. जगात सगळ्यांत जास्त कापूस अमेरिकेचा, म्हणून तिथला भाव पडला की सगळ्यांचा पडायचा. हिंदुस्थानात १९२९ ते १९३३ च्या दरम्यान कापसाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. धान्यालाही उतार लागला. कारखान्याच्या मालाचा भाव उतरला, पण शेतमालाएवढा नाही. कारण कारखानदार भाव पडला की यंत्र थांबवतो. शेतकऱ्याला ते जमत नाही. उलट तेवढीच रक्कम हातात यावी म्हणून तो जास्त पेरतो, जास्त विकतो, आणि भाव आणखी पडतो.

एका घराचा हिशोब

आता कोड्याच्या मुळाशी येऊ. एक घर धरू. हे आकडे कुठल्या वहीतले नाहीत, समजण्यापुरते आम्ही धरलेले आहेत.

घर वर्षाला १० मण कापूस विकतं. भाव मणाला ८ रुपये, म्हणजे हातात ८० आले. त्यातून सरकारी सारा १० रुपये. सावकाराचे ६० रुपये कर्ज आहे, शेकडा २५ व्याजानं त्याचे १५. मीठ, कापड, तेल यांचे २०. बियाणं, बैल, निंदण-खुरपणीचे २५. एकूण ७० गेले, १० उरले. घर तगून आहे.

आता भाव ४ रुपये झाला. पाऊस तेवढाच, कष्ट तेवढेच, कापूसही तेवढाच १० मण. हातात आले ४०. सारा किती? १० च, कारण तो बंदोबस्ताच्या वेळी बऱ्याच वर्षांसाठी ठरवलेला, तो काही बाजाराबरोबर उतरत नाही. व्याज किती? १५ च, वहीत लिहिलेलं आहे. मीठ-कापड थोडं उतरलं, १५ धरा. शेतीचा खर्च २० धरा. झाले ६०. तूट २० रुपयांची. सावकार म्हणतो, "काळजी नको, वहीत लिहितो." कर्ज झालं ८०.

दुसऱ्या वर्षी ८० चं व्याज २०. खर्च ६५, हातात ४०. तूट २५. कर्ज झालं १०५.

तिसऱ्या वर्षी व्याज सव्वासव्वीस रुपये. तूट सव्वाएकतीस. कर्ज झालं १३६ रुपये ४ आणे.

या घरानं तीन वर्षांत लग्न काढलं नाही, दारू प्यायली नाही, आळस केला नाही, दुष्काळही पडला नाही. आता कर्ज रुपयांत मोजू नका, कापसात मोजा. पहिल्यांदा ६० रुपये कर्ज होतं आणि भाव ८ होता, म्हणजे साडेसात मण कापूस दिला की घर मोकळं. तीन वर्षांनी कर्ज १३६ आणि भाव ४, म्हणजे ३४ मण. तीन वर्षांचं सगळं पीक दिलं, पोटाला एक बोंड ठेवलं नाही, तरी फिटणार नाही.

कोड्याचं उत्तर हे आहे. स्वस्ताई विकत घेणाऱ्याला स्वस्त असते. ज्याला माल विकून रोख देणं फेडायचं आहे त्याला ती महागाईच असते. माल स्वस्त झाला याचा दुसरा अर्थ रुपया महाग झाला. आणि कर्ज, सारा, व्याज ही सगळी रुपयातच होती.

जमिनीची किंमतही याच काळात पडली. विकायला निघालेले पुष्कळ आणि घेणारे थोडे. म्हणून १३६ रुपयांत पूर्वी जेवढी जमीन गेली असती त्यापेक्षा जास्त गेली. सावकाराचंही एक सांगितलं पाहिजे. तोही बहुतेक वेळा शहराच्या अडत्याकडून पैसे आणायचा, आणि अडत्या मुंबईहून. वरून पैसा आटला तेव्हा त्यानं नवं कर्ज देणं थांबवलं आणि जुन्याची वसुली काढली. कुळाकडं रोकड नव्हती. मग तो जे होतं ते मागायला लागला, म्हणजे आधी दागिना आणि मग जमीन.

सोनं आणि चांदी

दागिन्याचं थोडं वेगळं सांगावं लागेल, कारण तिथं आपल्यात आणि मोठ्या शेतकऱ्यात फरक पडला. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडनं आपल्या नाण्याची सोन्याशी असलेली गाठ सोडली. रुपया इंग्लंडच्या नाण्याला बांधलेला होता, म्हणून तोही सोन्याच्या मानानं उतरला आणि सोन्याचा भाव चढला. बाकी सगळं उतरत होतं, सोनं मात्र चढत होतं. देशभर शेतकऱ्यांच्या घरातलं सोनं बाहेर निघालं, सराफाकडून मुंबईला, मुंबईहून बोटीनं लंडनला. पुढच्या काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचं सोनं देशाबाहेर गेलं. सरकारनं ते अडवलं नाही, त्याला त्याची सोयच होती.

पण आपल्या बाईच्या अंगावर सोनं कुठं होतं? वाळे, गोठ, सरी, सगळं चांदीचं. आणि चांदीचा भाव १९२८ ते १९३१ या काळात जगाच्या बाजारात जवळपास निम्म्यावर आला. म्हणजे ज्याच्याकडं सोनं होतं त्याची जमीन सोन्यानं थोडीफार राखली. ज्याच्याकडं चांदी होती त्याचा कापूसही अर्धा आणि दागिनाही अर्धा.

डोंगरातलं वेगळं

आता कुणी म्हणेल, गोंड, कोलाम, आंध, नाईकपोड यांच्या घरी कापूस किती आणि कर्ज किती? खाण्यापुरती जवारी, जंगलातला मोहा, चारोळी, डिंक. हे खरं आहे. ज्याचं पोट बाजारावर नव्हतं त्याला मंदीचा पहिला फटका कमी बसला. पण सारा रोखीत होता, जंगलखात्याचा दंड रोखीत होता, मीठ रोखीनं मिळायचं.

दुसरी गोष्ट कागदाची. आदिलाबादच्या डोंगरात पुष्कळ आदिवासी जमीन कसायचे, साराही भरायचे, पण पट्टा त्यांच्या नावावर नसायचा. अशा कसण्याला निजामाच्या दफ्तरात 'सिवाय जमाबंदी' म्हणत. आजचं पीक घ्या, उद्याचा हक्क नाही. एका बाजूनं राखीव जंगलाची हद्द पुढं सरकत होती, दुसऱ्या बाजूनं बाहेरचा माणूस दफ्तरात जाऊन त्याच जमिनीचा पट्टा करून घेत होता. हे मंदीच्या आधी सुरू झालं होतं आणि नंतरही चाललं. सगळं पाप मंदीच्या माथी मारलं तर तो खोटा इतिहास होईल. मंदीनं एवढं केलं की रोख पैसा दुर्मिळ झाला, आणि ज्याच्या हातात रोख होती त्याला जमीन मातीमोल मिळाली.

याच जिल्ह्यात, आसिफाबादच्या डोंगरात, कुमरम भीम जमिनीच्या आणि जंगलाच्या हक्कासाठी उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्यानंतर निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाला डोंगरात पाठवलं. जमिनी कशा गेल्या ते त्यानं गावोगाव हिंडून लिहिलं. १९४६ ला आदिवासी भागासाठी वेगळा कायदा आला आणि त्याच सुमारास पट्टेही मिळायला लागले. मंदी येऊन तेव्हा पंधरा-सतरा वर्षं झाली होती.

दुसरीकडं लोकांनी काय केलं

अमेरिकेतल्या आयोवा, नेब्रास्का या भागात शेतकऱ्याच्या घरावर बँकेचा लिलाव यायचा. १९३२-३३ च्या सुमारास शेजारपाजारचे शेतकरी त्या लिलावाला घोळक्यानं यायला लागले. गाय निघाली की एकजण बोली लावायचा, पाच सेंट. म्हणजे काही पैसे. दुसरा कुणी वर बोलायचा नाही. बाहेरचा कुणी बोलायला लागला तर भोवतीचे त्याच्याकडं नुसते बघायचे, कुठं कोठाराला फास टांगून ठेवलेला असायचा. गाय, घोडा, नांगर सगळं मिळून चार-पाच डॉलरांत विकलं जायचं. लोक तेवढे पैसे भरायचे आणि सगळं सामान मूळ मालकाला परत द्यायचे. १९३३ मध्ये आयोवा, मिनेसोटा अशा राज्यांनी कायदे करून कर्जापोटी जमीन जप्त करणं काही काळ थांबवलं.

पण त्याच अमेरिकेच्या सरकारनं त्याच साली भाव वाढावा म्हणून उभी पऱ्हाटी नांगरून टाकायला शेतकऱ्यांना पैसे दिले. पैसे जमीनमालकाला मिळाले. जो दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसत होता त्याला बहुतेक ठिकाणी काहीच मिळालं नाही, उलट पीक कमी म्हणून त्याला काढून टाकलं. मदत कागदावरच्या नावाला मिळते, कसणाऱ्या हाताला नाही. ही गोष्ट तिथंही तीच निघाली.

आता आपलं

हे आज सांगण्याचं एक कारण आहे. आदिवासींची जमीन परत देण्याचा महाराष्ट्राचा १९७४ चा कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासीकडं गेलेल्या जमिनीला लागू आहे. मंदीत गेलेली जमीन त्या तारखेच्या कितीतरी आधी गेली. म्हणून कुणी अर्ज घेऊन आलं तर आम्ही आधी विचारतो, जमीन नेमकी कधी गेली? "आज्याच्या काळात" एवढ्यानं भागत नाही. गहाण मंदीत पडली असेल, पण खरेदीखत किंवा फेरफार १९५७ नंतर झाला असेल, तर गोष्ट वेगळी. गहाण पडल्यावरही पुष्कळ घरं तीच जमीन वाट्यानं कसत राहिली आणि नाव पुढं कधीतरी उडालं, असंही असू शकतं.

ते कसं ओळखायचं? १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक तहसीलमधून काढा. त्यात त्या साली जमीन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या कब्जात होती ते लिहिलेलं असतं. त्यात आज्याचं नाव असेल, तर जमीन मंदीत पूर्ण गेली नव्हती. मग त्यानंतरचे फेरफार एकेक करून काढायचे आणि नाव कोणत्या तारखेला बदललं ते बघायचं. आज्याचं नाव कुठंच नसेल तर तेही लिहून ठेवा. म्हाताऱ्या माणसाला शेताची हद्द, विहीर, आंब्याचं झाड, सावकाराचं गाव विचारून घ्या. तेवढं लिहून पुढच्या बैठकीला आणा. कर्ज किती होतं हेही आठवत असेल तर विचारा, आणि ते किती मण कापसाचं होतं ते शेजारी लिहा.